सत्तर कसे मोजले: आजोबांना पत्र

इंदूर,
भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, 5 सप्टेंबर 2025

तीर्थरूप आजोबांना,
साष्टांग नमस्कार.

आज तिथीने तुमचं सत्तरावं वर्ष पूर्ण झालं. इंग्रजी तारखेने ते मागच्या शनिवारीच झालं आणि शाळेच्या दाखल्याप्रमाणे तर तुम्ही गेल्या वर्षीच सत्तरीचे झालात. घरात इतके दिवस वाद चालला होता की भैमरथी शांती नक्की कधी करायची. शेवटी गुरुजींनी मला विचारलं, कारण आईने त्यांना सांगून ठेवलं होतं की आजोबांच्या वयाचा हिशोब नातीकडे असतो. हा हिशोब मी कुठून आणला, ते आज तुम्हाला सविस्तर लिहून द्यायचं आहे.

लहानपणी मला वाटायचं की माणसाजवळ जितक्या गोष्टी तितकी त्याची वर्षं. बाबांजवळ थोड्या, तुमच्याजवळ खूप, आणि तुमच्या आईजवळ, म्हणजे मोठ्या आजीजवळ, तर संपतच नसत. रात्री गच्चीवर गादी घातली की मी म्हणायचे, "आज एक नवीन सांगा, म्हणजे तुमचं वय वाढेल." तुम्ही हसून सांगायचात. तीच गोष्ट पुन्हा सांगितलीत तर ती मोजायची नाही, असा माझा नियम होता. तो तुम्ही कधी मोडला नाहीत. "ही जुनी आहे हं, धरू नको," असं आधीच सांगत होतात.

पुढे शाळेत इतिहास आला, साल कळायला लागलं, तेव्हा मोजण्याची रीत बदलली. गोष्टी किती आहेत यापेक्षा गोष्टीच्या आत काय आहे ते मी बघू लागले. तुम्ही कधीच साल सांगत नाही. "मी लहान होतो तेव्हा", "तेव्हा आपण रामबागेत राहायचो", एवढंच. पण गोष्टीत एखादं नाणं, एखादा मोर्चा, एखादं ग्रहण असतंच, आणि त्याला साल असतं.

सगळ्यात आधी मला सापडली ती सहा पैशांची गोष्ट. तुम्ही नुकते शाळेत जायला लागला होता. मोठ्या आजीने तुमच्या हातात पंचवीस नव्या पैशांचं नाणं ठेवलं आणि मीठ, जिरं, काडेपेटी आणि खडीसाखर अशा चार वस्तू आणायला पाठवलं, प्रत्येकी एका आण्याच्या. पंचवीस नवे पैसे म्हणजे चार आणे, हिशोब बरोबर जुळतो. पण तुम्ही चारही वस्तू एकाच दुकानातून आणल्या नाहीत. चार दुकानं फिरलात आणि घरी आलात तेव्हा तुमच्या गालात लिमलेटची गोळी होती. मोठी आजी म्हणाली, "पैसे कुठून आणलेस?" आणि तुम्ही म्हणालात, "उरले."

मी ही गोष्ट ऐकून किती तरी दिवस विचार करत होते की उरले कसे. मग उलगडलं. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, तेव्हा एका आण्याचे सव्वासहा पैसे येत होते. पाव पैशाचं नाणं कुणाजवळ असणार? म्हणून एका आण्याला सहा पैसे घ्यायचे असं कोष्टक ठरलं. दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, चार आण्यांना पंचवीस. चारही वस्तू एका ठिकाणी घेतल्या असत्या तर पूर्ण पंचवीस गेले असते. चार दुकानांत वेगवेगळ्या घेतल्या तर सहा चोक चोवीस. वरचा एक पैसा तुमचा. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे सुचलं याचा मला आजही अभिमान वाटतो, आजोबा.

आता यातून वय कसं निघतं ते बघा. नवे पैसे सुरू झाले 1 एप्रिल 1957 ला, म्हणजे गोष्ट त्याच्या आधीची असू शकत नाही. आणि 1 जून 1964 पासून "नवा" हा शब्द गेला, नुसता पैसा राहिला. तुम्ही त्या नाण्याला "नये पैसे" म्हणता आणि दुकानदार भाव अजून आण्यात सांगत होता. म्हणजे गोष्ट या सात वर्षांतली. तेव्हा तुम्ही पहिलीच्या आसपास होता, तर जन्म साधारण 1951 ते 1958 यांच्यामधला. अजून बराच पसारा होता, पण एक भिंत इकडे आणि एक तिकडे उभी राहिली.

मग नर्मदेच्या आंदोलनाने तो पसारा कमी केला. इंदूरला नर्मदेचं पाणी मिळावं म्हणून 1970 ला शहर रस्त्यावर उतरलं, त्या मोर्चात तुम्ही दप्तर घेऊन गेला होता आणि दहावीत होता. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचे. पाणी प्रत्यक्षात आलं 1978 ला, तेव्हा तुम्ही नोकरीला लागला होता आणि नळाखाली बादली न लावता नुसतेच उभे राहिला होता, असं आजी सांगते. ही गोष्ट तुमच्या तोंडून मी कधी ऐकली नाही.

पण सगळ्या गोष्टी अशा भरवशाच्या नसतात. होळकर टीमच्या मॅचची गोष्ट तुम्ही किती रंगवून सांगता! सी. के. नायडू बॅट घेऊन उतरले की प्रेक्षक कसे उठून उभे राहायचे, ते तुम्ही उभे राहून दाखवता. त्या टीमने चौथ्यांदा आणि शेवटची रणजी ट्रॉफी जिंकली ती 1952-53 च्या हंगामात. ही गोष्ट धरली तर आज तुम्ही ऐंशीच्या पुढे जाता. तेव्हा मला कळलं की ही गोष्ट तुमच्या वडिलांची आहे, तुम्हाला ती वारशात मिळाली. ओळखायची खूण मी अशी ठरवली: तुमच्या स्वतःच्या गोष्टीत तुम्ही काय खाल्लंत, पायात काय होतं, कोण रागावलं हे येतंच. त्या मॅचच्या गोष्टीत तुम्ही कुठेच बसलेले नाही. वारशाच्या गोष्टींची मी वेगळी यादी केली आहे. त्यांनी तुमचं वय वाढत नाही, पण तुमच्या वडिलांना मी पाहिलं नसूनही ते मला माहीत आहेत, ते याच यादीमुळे.

नेमकी तारीख मात्र मोठ्या आजीने दिली. 2012 साली मी आठ वर्षांची होते. त्या वर्षी अधिक भाद्रपद होता आणि तिने एका संध्याकाळी तुम्हाला ओवाळलं. मी म्हटलं, आजोबांचा वाढदिवस तर गणपतीत असतो. ती म्हणाली, "तो अधिकातला आहे गं. खरी तिथी आजची. त्या वर्षी गणपतीसुद्धा लांबले होते." मग तिने सगळं सांगितलं. मंगळवार होता, प्रदोष होता, दिवेलागणीला तुम्ही झालात. आणि त्याआधी दोन-अडीच महिने सोमवती अमावास्येला सूर्यग्रहण लागलं होतं. सकाळची वेळ, तिला सातवा महिना. सासूबाईंनी तिला आतल्या खोलीत बसवलं, विळी, सुई, कात्री सगळं उचलून नेलं, आणि ग्रहण सुटेपर्यंत ती जप करत राहिली. तिची गोष्ट सांगण्याची पद्धत तुमच्यासारखीच, साल नाही. पण तिथी, वार आणि महिना पक्के.

मोठी झाल्यावर मी हे जुन्या पंचांगाशी लावून बघितलं. अधिक भाद्रपद 1955 ला आला होता, त्यानंतर 1974, 1993 आणि 2012 ला, एकोणीस-एकोणीस वर्षांनी. नव्या पैशांच्या आणि नर्मदेच्या गोष्टींत बसतं ते एकच साल, 1955. त्या साली 20 जूनला सोमवार होता, ज्येष्ठ अमावास्या होती आणि सूर्यग्रहण होतं. श्रीलंकेत ते खग्रास दिसलं, आपल्याकडे खंडग्रास. आणि अधिक भाद्रपद शुद्ध त्रयोदशीचा प्रदोष आला मंगळवारी, 30 ऑगस्टला. मोठ्या आजीचं एकही वाक्य चुकलं नाही. ते सगळं जुळलं त्या दुपारी ती हयात असायला हवी होती, मला तिच्या पायावर डोकं ठेवायचं होतं.

दाखल्यावरच्या 1 जुलै 1954 चं कोडंही मग सुटलं. तुम्हाला लवकर शाळेत घालायचं होतं आणि सहा वर्षं पूर्ण हवी होती, म्हणून मास्तरांनी शाळा सुरू व्हायची तारीख आणि मागचं साल लिहून टाकलं. त्या एका ओळीमुळे तुम्ही एक वर्ष आधी निवृत्त झालात. तुम्ही त्याबद्दल कधी तक्रार केली नाहीत. मला मात्र त्या वर्षाचा फायदाच झाला. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होते आणि दुपारी शाळेतून आले की तुम्ही घरी असायचात.

गुरुजींना मी हे सगळं सांगितलं. अधिक महिन्यात जन्म असेल तर एरवीच्या वर्षी त्याच नावाच्या निज महिन्यातली तिथी धरतात, म्हणून आजची त्रयोदशी त्यांनी मान्य केली. अधिक भाद्रपद पुन्हा 2031 ला येतो. तेव्हा ओवाळायचं काम माझं.

आणखी एक सांगायचं आहे. तुमच्या गोष्टींची माझी वही आहे, तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक गोष्ट मी तिच्या सालाखाली लिहिली आहे. साठची पानं भरली आहेत, ऐंशीची तर दाटून भरली आहेत. पण 1972 ते 1974 कोरं आहे. त्या वर्षांची एकही गोष्ट तुम्ही कुणाला सांगितलेली नाही, आजीलाही नाही. मी तिला विचारलं. तुमचे वडील त्याच सुमारास गेले, एवढं मला ठाऊक आहे. सांगायचं नसेल तर तसंच राहू दे, पान फाडणार नाही मी. पण सांगावंसं वाटलं तर उद्या अनंत चतुर्दशी आहे, मिरवणुकीतल्या देखाव्यांच्या झांक्या बघायला आपण जाणारच आहोत आणि मिलच्या झांक्या राजवाड्याजवळ पोचेपर्यंत मध्यरात्र उलटते. तुमच्यासाठी खुर्ची मी घेणार आहे, पाणी आणि तुमची बीपीची गोळीही. रात्रभर वेळ आहे, आजोबा. 1972 पासून सुरू करा.

तुमची नात,
चिमू