समासात पेन्सिलने लिहिलेले ‘कशावरून?’

आदरणीय मॅडम,

आपले नाव कोठेही लिहू नये अशी आपली इच्छा होती, ती मी पाळतो आहे. पण पत्र उघडच लिहितो, कारण पदवी नसताना नोकरीतल्या अनुभवाच्या जोरावर विद्यापीठात प्रवेश मागणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला जे निवेदन लिहावे लागते, ते लिहिताना आपण माझ्यासाठी नेमके काय केलेत हे आणखी काहींना कळावे असे वाटते. प्रवेशाचे पत्र हाती येऊन आता चार महिने झाले आहेत. तरीही आपल्या टेबलासमोरची ती दुपार आठवली की घसा दाटून येतो, त्यामुळे काही वाक्ये लांबली तर समजून घ्यावे.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी दोन दारे ठोठावून आलो होतो. पहिल्या ठिकाणी खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी अर्जातला ‘शेवटची पदवी’ हा रकाना रिकामा पाहिला आणि मान वर न करता कागद परत सरकवला. अनुभवाधारित प्रवेशाची सोय त्यांच्याच माहितीपत्रकात छापलेली होती, हे मला पुढे समजले. दुसऱ्या ठिकाणी पैसे घेऊन निवेदने लिहून देणारी मंडळी होती. त्यांनी माझ्याशी दहा मिनिटे बोलून दोन पानी मजकूर हातात ठेवला. त्यात मला ‘लहानपणापासून यंत्रांची विलक्षण ओढ’ होती आणि माझे व्यक्तिमत्त्व ‘अष्टपैलू’ होते. पंप हा शब्द त्या दोन पानांत एकदाही आला नव्हता, आणि मी चौदा वर्षे पंपांच्या देखभालीचेच काम करत आलो आहे. मुलाखतीत यातल्या एखाद्या वाक्यावर प्रश्न आला तर काय सांगायचे, असे मी विचारले, तेव्हा ते हसले. असे प्रश्न कोणी विचारत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

म्हणून मी स्वतः लिहायला बसलो, आणि माझेही चुकलेच. आपल्याकडे आणलेल्या चार पानांपैकी पहिले पूर्ण पान शाळा का सुटली यावर होते. पुढची दोन पाने म्हणजे वाक्यांत विरघळवलेली कामांची यादी होती: अमुक साली फिटर, तमुक साली वरिष्ठ फिटर, इतक्या यंत्रांची जबाबदारी. शेवटच्या पानावर मी मेहनती आहे, शिकण्याची जिद्द आहे वगैरे होते. आपण ती चारही पाने माझ्यासमोर, एकदाही न थांबता वाचलीत. मग पेन बाजूला ठेवून खणातून पेन्सिल काढलीत आणि समासात सात ठिकाणी एकच शब्द लिहिलात, ‘कशावरून?’. अक्षर इतके पुसट होते की मला कागद उजेडाकडे धरावा लागला. आपण म्हणालात, ‘पेन्सिलच आहे, पटले नाही तर खोडून टाका, वाक्ये तुमची आहेत.’

मॅडम, ती पेन्सिल हाच माझ्यासाठी या सगळ्यातला सर्वांत मोठा उपकार ठरला. लाल शाईने आपण चार पाने दहा मिनिटांत दुरुस्त करू शकला असता, आणि मी ती मुकाट्याने नकलून काढली असती. कामाच्या ठिकाणी माझ्या लिखाणावर लाल शाईशिवाय दुसरा रंग मी कधी पाहिलेला नव्हता. वाक्य माझे आहे आणि ते ठेवायचे की खोडायचे हे मी ठरवायचे आहे, हे मला वयाच्या सदतिसाव्या वर्षी कोणीतरी पहिल्यांदा सांगत होते.

त्या एका शब्दाने निवेदनाचा अर्थच माझ्यापुरता बदलला. तोवर मी समजत होतो की विद्यापीठ वर्षे मोजते आणि चौदा हा आकडा पुरेसा मोठा आहे. आपण एवढेच विचारलेत की ही चौदा वर्षे आहेत, की एकच वर्ष चौदा वेळा केलेले आहे. प्रश्न झोंबला, पण रास्त होता. परीक्षकांना अनुभव नको असतो, अनुभवातून माणूस काय शिकला ते हवे असते. ते शिकणे खरे आहे, त्याचे स्वतःचे आहे, अजून ताजे आहे आणि अभ्यासक्रमाच्या पातळीला पोहोचणारे आहे, हे त्यांना कागदावरून पडताळता आले पाहिजे. ‘पंपांच्या देखभालीचा प्रदीर्घ अनुभव’ या वाक्यात पडताळण्यासारखे काही नसते, आणि आपला पहिला ‘कशावरून?’ तिथेच होता.

त्याच्या उत्तरात मी आपल्याला गरम पाण्याच्या त्या पंपाची गोष्ट सांगितली. त्याचे बेअरिंग दर चार महिन्यांनी जात असे. आधीचे सगळे जण नवे बेअरिंग बसवत, मोटर आणि पंप यांचे दांडे डायल हे बारीक मोजमापाचे उपकरण लावून एका रेषेत आणत आणि नोंदवहीत सही करत. मीही दोन वेळा तेच केले. तिसऱ्या वेळी दोन्ही दांडे जोडणाऱ्या कपलिंगखाली काळी भुकटी पडलेली दिसली, ती कपलिंगमधल्या रबरी बुशांची होती. दांडे खरोखरच एका रेषेत असतील तर रबर इतके झिजायला नको. मग मी चालू यंत्रावर हात ठेवून पाहिला. मोटरच्या पायावर हात ठेवता येत होता, पंपाच्या आधारावर ठेवता येत नव्हता. आम्ही रेषा जुळवत होतो ती सकाळी, सगळे थंड असताना, आणि यंत्र चालत होते गरम असताना. पंप बंद केल्या केल्या पुन्हा डायल लावला, तर सकाळी जुळलेली रेषा जुळत नव्हती. पंपाचा दांडा वर गेलेला होता. पुढच्या वेळी मी मोटरच्या पायांखाली ०.०५ मिलिमीटरची शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, जादा घालून, थंड असताना मोटर मुद्दाम किंचित उंच ठेवली. भुकटी कमी झाली, थांबली नाही. ०.१५ केल्यावर थांबली. ते बेअरिंग एकोणीस महिने चालले.

हे मी सांगत असताना आपण काहीच लिहून घेतले नाहीत. फक्त शेवटी म्हणालात की यातले एक अक्षरही तुमच्या चार पानांत नाही. खरेच नव्हते. मला ते लिहिण्यासारखे वाटलेच नव्हते, कारण आमच्याकडे याला ज्ञान म्हणत नाहीत, ‘हात बसणे’ म्हणतात.

पुढच्या तीन आठवड्यांत निवेदन दीड पानांवर आले आणि त्यातले पाऊण पान त्या एका पंपाचे होते. शाळा सुटल्याची हकिकत दोन ओळींत आली. ते पान कापताना मला वाईट वाटले होते. आपण समजूत घालताना म्हणालात, ‘हे वाचून त्यांना तुमच्याबद्दल सहानुभूती वाटेल, पण सहानुभूतीवर जागा देता येत नाही.’ दुसरी मोठी दुरुस्ती ‘आम्ही’ या शब्दाची होती. कारखान्यात एकट्याने काही केले असे म्हणणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून मी सगळीकडे ‘आम्ही शोधले, आम्ही बदलले’ असे लिहिले होते. तिथेही ‘कशावरून?’ होतेच. परीक्षकाला ‘आम्ही’मधून मला वेगळे काढता येत नाही. मग शिमची कल्पना माझी, ती घालून पाहण्याची परवानगी पर्यवेक्षकांची आणि नोंदी पाळीतल्या दोघांच्या, असे ज्याचे त्याला देऊन लिहिले. असे लिहिल्याने उद्धटपणा वाटला नाही, उलट सहकाऱ्यांना त्यांचे श्रेय नेमके मिळाले.

पुराव्याची बाजूही तशीच सुधारली. पर्यवेक्षकांनी आधी दिलेल्या पत्रात मी प्रामाणिक आणि वक्तशीर असल्याचे म्हटले होते. ते कोणाबद्दलही लिहिता येते. आपल्या सांगण्यावरून मी त्यांना विनंती केली, आणि त्यांनी तीनच वाक्यांत लिहिले की अमुक पंपावर ही पद्धत याने सुचवली, आधी बेअरिंग किती टिकत असे आणि नंतर किती टिकले. सोबत देखभाल नोंदवहीच्या चार पानांच्या छायाप्रती जोडल्या, कंपनीची परवानगी घेऊन आणि ग्राहकांची नावे झाकून. नावे झाकण्याचे मला सुचले नसते, तेही आपणच सुचवलेत.

सर्वांत अवघड होता शेवटचा परिच्छेद. जिद्दीची वाक्ये काढल्यावर तिथे काय लिहायचे ते मला कळेना. आपण विचारलेत, ‘०.१५च का? ०.३० का नाही?’ मी म्हणालो की करून पाहिले आणि जमले. का ते मला माहीत नाही. ‘मग तेच लिहा,’ असे आपण म्हणालात. विद्यापीठाकडे मागायला जाताना स्वतःचे अज्ञान लिहून द्यायचे, हे मला धोक्याचे वाटले होते. तरी लिहिले, की हाताने मिळालेले हे उत्तर दुसऱ्या तापमानाच्या, दुसऱ्या उंचीच्या पंपाला लागू पडेल का, हे मला सांगता येत नाही आणि ते सांगता यावे म्हणून मला यंत्र अभियांत्रिकी शिकायची आहे. मुलाखतीत तिघांपैकी दोघांचे प्रश्न याच परिच्छेदावर होते. पंप बंद केल्यावर किती वेळाने मोजले, असे एकांनी विचारले. डायल बसवेपर्यंत दहाएक मिनिटे जातात, तेवढ्यात पंप निवत असतो, म्हणजे माझे मोजमाप खऱ्यापेक्षा कमीच येत असणार, हे मी तिथे बसल्या बसल्या बोलून गेलो. विकत घेतलेल्या त्या दोन पानांवर मी हे उत्तर कशाच्या आधारावर दिले असते?

मला आता असे वाटते की चांगुलपणाला फार वेळ लागत नाही. खिडकीवरच्या त्या गृहस्थांना माहितीपत्रकाचे पान उलटायला क्षणभरच लागला असता, आणि आपण मला पहिल्या दिवशी दिलीत तीही एकच दुपार. फरक एवढाच की आपण माझ्या रिकाम्या रकान्याकडे पाहून थांबला नाहीत.

एक कबुली राहिली आहे. पहिल्या चार पानांवरचे सातही ‘कशावरून?’ मी उत्तरे लिहून खोडले. आठवा आपण नंतरच्या मसुद्यात लिहिलात, तो ‘पंप गरम झाल्यावर ०.१५ मिलिमीटर वर येतो’ या वाक्यापाशी होता, आणि तो मी उत्तर न देताच खोडला, कारण मला त्यात शंका घेण्यासारखे काही दिसले नव्हते. गेल्या आठवड्यात वर्गात औष्णिक प्रसरणाचे गणित झाले. पोलाद मीटरमागे दर अंशाला साधारण १२ मायक्रॉन, म्हणजे ०.०१२ मिलिमीटर, वाढते. आमच्या पंपाच्या दांड्याची उंची ४०० मिलिमीटर आहे आणि आधार ५० अंशांनी तापतो असे धरले, तर पंप ०.२४ मिलिमीटर वर यायला हवा. माझा आकडा इतका चुकला कसा, म्हणून दोन रात्री डोके धरून बसलो. मग लक्षात आले की मोटरही तापते, २० अंश धरले तर तीही जवळजवळ ०.१० वर येते. ०.१५ हे पंपाचे वर येणे नव्हतेच, तो दोघांच्या वर येण्यातला फरक होता. निवेदनातले ते वाक्य चुकीचे आहे, आणि आपली पेन्सिल बरोबर तिथेच थांबली होती.

आपला ऋणी,
गरम पाण्याच्या पंपवाला विद्यार्थी