एकलव्याच्या गोष्टीतली गाळलेली ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांसाठीच्या सचित्र महाभारतांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. एवढा अवाढव्य ग्रंथ ३२ पानांत बसवायला गेलं की त्याचा आत्मा हरवणारच, असा लेखाचा सूर होता. बालपुस्तकांचं संपादन हे माझं रोजचं काम आहे, आणि माझं मत थोडं वेगळं आहे. गोष्ट लहान केल्याने बिघडत नाही. काय कापलं, यावरून ती बिघडते.

संक्षेप करणं परंपरेला काही नवं नाही. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडाचा पहिलाच सर्ग पाहा. पुढे २४ हजार श्लोकांत येणारी कथा नारद तिथे वाल्मीकींना शंभरेक श्लोकांत सांगून मोकळे होतात. त्यांनी वर्णनं गाळली, संवाद गाळले, कितीतरी पात्रं गाळली. पण युद्ध संपल्यावर राम भर सभेत सीतेला कठोर बोलला आणि ते सहन न होऊन तिने अग्निप्रवेश केला, हे त्यांनी एका श्लोकात का होईना, ठेवलं. आपण मुलांसाठी लिहायला बसलो की नेमकं उलटं करतो. राजवाड्याचं वर्णन ठेवतो आणि अडचणीची ओळ काढून टाकतो.

एकच उदाहरण घेऊन सांगते. एकलव्य. पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी अख्खं महाभारत एका पुस्तकात बसवू नये, त्यातलं एक आख्यान निवडावं, हे लेखकालाही मान्य असावं. दोन सोळापानी फर्म्यांचं, म्हणजे ३२ पानांचं पुस्तक म्हटलं की मुखपृष्ठामागची पानं वजा जाता साधारण १४ जोडपानं हातात राहतात. मजकूर सहाशे शब्दांच्या आसपास, म्हणजे झोपण्यापूर्वी एका बैठकीत मोठ्याने वाचून होईल एवढा. पात्रं तीन, एकलव्य, द्रोण आणि अर्जुन, शिवाय एक कुत्रा. बाकी कौरव-पांडव चित्रात मागे उभे राहतील, त्यांची नावं घ्यायची गरज नाही. द्रुपद आणि द्रोणाचं वैर इथे नको. एकलव्याच्या वडिलांचं हिरण्यधनू हे नावही नको, पण ते निषादांचे राजे होते हे मात्र हवं. इथवर कापाकापी निर्धास्तपणे करावी.

आता मूळ कथेची साखळी पाहू. ती आदिपर्वात आहे आणि फार थोड्या श्लोकांत आहे. हा निषादाचा मुलगा आहे असं मनात येऊन, आणि राजपुत्रांचा विचार करून, द्रोण एकलव्याला शिष्य म्हणून घेत नाहीत. एकलव्य त्यांच्या पाया पडून रानात जातो, मातीचे द्रोण घडवतो आणि त्या मूर्तीला गुरू मानून सराव करतो. पुढे पांडव शिकारीला येतात, त्यांचा कुत्रा एकलव्याला पाहून भुंकतो, आणि एकलव्य त्याच्या तोंडात एका दमात सात बाण मारतो. पांडव थक्क होतात. अर्जुन द्रोणांना एकांतात गाठतो आणि आठवण देतो की, माझा कोणताही शिष्य तुझ्यापेक्षा वरचढ होणार नाही असं तुम्ही मला म्हणाला होतात, मग हा कोण? द्रोण त्याला घेऊन रानात जातात आणि उजवा अंगठा मागतात. एकलव्य तो हसऱ्या चेहऱ्याने कापून देतो.

बहुतेक बालपुस्तकं इथेच थांबतात आणि खाली चौकटीत गुरुभक्तीचं तात्पर्य छापतात. महाभारत मात्र इथे थांबत नाही. पुढे तीन छोट्या गोष्टी सांगितल्या आहेत. त्यानंतर एकलव्य बोटांनी बाण ओढू लागला, पण पूर्वीइतका वेगवान राहिला नाही. अर्जुनाच्या मनाचा ताप उतरला, त्याला बरं वाटलं. आणि द्रोणांचा शब्द खरा ठरला. बस्स. कोण चूक, कोण बरोबर, यावर व्यास तिथे चकार शब्द काढत नाहीत. माझ्या मते या कथेचा जीव इथेच आहे. एकाने काय गमावलं आणि त्यामुळे दुसऱ्याला काय मिळालं, हे शेजारी शेजारी ठेवलं आहे. ही ओळ गाळली की कथा उपदेशाची गोळी होते आणि मग ती कोणत्याही गुरुशिष्यांची असू शकते. गोष्ट बिघडली की नाही हे ओळखायची ही माझी साधी कसोटी आहे. पात्रांची नावं बदलून पाहायची. कथेला काहीच फरक पडला नाही, तर मूळ ग्रंथातलं तिच्यात काही उरलेलं नाही.

हल्ली उलट बाजूनेही मोडतोड होते. नव्या विचाराचे लेखक द्रोणांना लालबुंद डोळ्यांचा दुष्ट म्हातारा करतात, आणि एकलव्य दात-ओठ खात अंगठा देतो. त्यांचा राग मला समजतो, पण मूळात एकलव्याचं मन खिन्न झालेलं नाही, आणि द्रोण स्वतःच्याच शब्दात अडकलेले आहेत. अंगठा वाचवणारा शेवटही एका बालपुस्तकाच्या हस्तलिखितात पाहिला. असा शेवट लिहायला कुणाची आडकाठी नाही, पण मग मुखपृष्ठावर ‘महाभारतातील कथा’ असं छापू नये.

द्रोणांनी शिष्यत्व का नाकारलं, हे पाच वर्षांच्या मुलाला कसं सांगायचं? ‘द्रोण फक्त राजपुत्रांना शिकवत असत’ अशी गुळगुळीत वाट काढली जाते. पण एकलव्यही राजाचाच मुलगा, त्यामुळे ते कारण तिथेच कोसळतं, आणि चुणचुणीत मूल ते पकडतं. मी एवढंच लिहीन : ‘द्रोणांनी त्याच्याकडे पाहिलं. हा तर निषादांचा मुलगा, त्यांच्या मनात आलं. ते म्हणाले, नाही.’ मूळातही कारण द्रोणांच्या विचारात आहे, तोंडी नाही. निषाद कोण याची तळटीप इथे लागत नाही. आधीच्या जोडपानावर रानातली निषादांची वस्ती आणि तिचा राजा चित्रात दिसला असला की पुरे.

चित्राचा मुद्दा लेखात दोन ओळींत उरकला आहे. खरं तर लहान मुलांच्या पुस्तकात अर्धी गोष्ट चित्रच सांगतं, आणि बरीच मोडतोडही तिथेच होते. एकलव्य मूळात कसा दिसतो? काळा, अंगाला मळ, अंगावर काळवीटाचं कातडं. त्याला असा पाहून कुत्रा भुंकतो. चित्रकाराने त्याला गोरा, पांढऱ्या स्वच्छ धोतरातला, राजपुत्रांसारखाच रंगवला की कुत्र्याला भुंकायला कारणच उरत नाही. मजकूर जसाच्या तसा असूनही साखळी तुटते. म्हणून कच्ची रेखाटनं आली की मी मजकूर झाकून नुसती चित्रं पाहते आणि प्रत्येक पानावर ‘हे का झालं’ असं विचारते. उत्तर आधीच्या पानात सापडलं नाही तर एक तर चित्र चुकलंय किंवा काहीतरी जास्त कापलं गेलंय. मग चित्रं झाकून मजकूर वाचते. चित्रात दिसतंय तेच वाक्यात आलं असेल तर वाक्य जातं. सहाशे शब्दांत बसायचा मला ठाऊक असलेला हाच मार्ग आहे.

कुत्र्याबद्दल मुलं हमखास विचारतात, तो मेला का? मूळ सांगतं की बाणांनी भरलेलं तोंड घेऊन तो पांडवांकडे परत आला. तेवढंच लिहावं आणि चित्रात त्याला धावत येताना दाखवावं. ‘त्याला जराही इजा झाली नाही’ ही आपल्या पदरची भर कशाला? रक्त रंगवायचीही गरज नाही.

अंगठ्याचं पान सगळ्यांना अवघड वाटतं. सुरा, रक्त, तुटलेला अंगठा, यातलं काहीच दाखवावं लागत नाही. एका जोडपानावर द्रोण मागतात आणि एकलव्य हात पुढे करतो. पान उलटलं की ती क्रिया होऊन गेलेली असते. पुढच्या चित्रात पट्टी बांधलेला हात आहे, बोटांनी प्रत्यंचा ओढतो आहे, आणि बाण लक्ष्याच्या अलीकडेच पडला आहे. हे शेवटचं चित्र माझ्या पदरचं आहे, कारण वेग कमी झाला हे स्थिर चित्रात दाखवता येत नाही. नेमही चुकू लागला असं मूळात नाही, तेव्हा मजकुरात ‘पूर्वीइतका वेगवान राहिला नाही’ हेच शब्द राहतील.

कित्येकदा तर मूळ ग्रंथ आपल्या भीतीपेक्षा सौम्य असतो. अर्जुनाच्या नेमबाजीच्या परीक्षेत पोपट किंवा चिमणी रंगवतात आणि मग मुलांना वाईट वाटेल म्हणून बाण लागण्याचं चित्र गाळतात. आदिपर्वात तो भास नावाचा पक्षी कारागिरांनी घडवून झाडाच्या शेंड्यावर ठेवलेला आहे. आणि अर्जुन ‘डोळा दिसतो’ असं म्हणत नाही, ‘भासाचं डोकं दिसतं, अंग नाही’ असं म्हणतो. तसंच ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे द्रौपदीच्या तोंडचं वाक्य. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत ते नाही, पण मालिका पाहून लिहिलेल्या बालपुस्तकांत हटकून असतं. लोककथेतून आलेली भर वाईट असं नव्हे, पण ती भर आहे हे लिहिणाऱ्याला तरी ठाऊक हवं.

म्हणून प्रकाशकांकडे एक मागणी आहे. शेवटच्या पानावरची तात्पर्याची चौकट काढा. त्या जागी पालकांसाठी बारीक टाइपात चार ओळी छापा : कथा कोणत्या पर्वातली, कोणत्या आवृत्तीवरून घेतली, काय गाळलं, आणि काय आमच्या पदरचं. चिकित्सक आवृत्तीत एकलव्य आणि तो कारागिरांनी घडवलेला पक्षी एकाच अध्यायात आहेत, तेव्हा आदिपर्व उघडणाऱ्या पालकाला पुढच्या पुस्तकाची गोष्टही तिथेच सापडेल.

आपली,
एक वाचक