कारखान्याचे वाटे

जळगाव, 9 एप्रिल

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईचा पहिला प्रश्न होता, "भांडलात का गं तुम्ही?" नाही गं, भांडलो नाही. भांडण व्हायच्या आत सोडवलं. एकतीस मार्चला अण्णांनी आणि मी भागीदारी मोडल्याच्या कागदावर सह्या केल्या. फोनवर सगळं नीट सांगता आलं नाही, आणि बाबांच्या एका सहीचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कारण साधं आहे. अण्णांना पाईपची दुसरी लाईन टाकायची होती आणि मला आहे त्या कर्जावर आणखी कर्ज नको होतं. सहा वर्षं ते तुषार सिंचनाचे पाईप ओढत होते आणि मी ते पाईप जोडायचे कपलर मोल्डिंगवर काढत होते. माल एकाच नावाने जायचा. त्यात वाईट काही नव्हतं, फक्त पुढचा रस्ता वेगळा झाला.

यंत्रांच्या वाटणीत मात्र चार दिवस गेले. मला वाटलं होतं किमती लावायच्या आणि दोन बाजूंना निम्मं निम्मं करायचं. पहिल्या दिवशी आम्ही केलंही तसंच. आकडा जुळावा म्हणून प्लास्टिकचा दाणा वितळवून पाईप काढणारा एक्स्ट्रूडर एका यादीत आणि पाईपला आकार देणाऱ्या त्याच्या डाय दुसऱ्या यादीत टाकल्या. आमचा जुना फिटर बघून हसला. डायशिवाय एक्स्ट्रूडर म्हणजे नुसतं लोखंड, आणि एक्स्ट्रूडरशिवाय डाय तर भंगारच्या भावाची. मग ठरलं की संच फोडायचा नाही. एक्स्ट्रूडर, व्हॅक्यूम टाकी, पाईप ओढणारं हॉल-ऑफ, कटर, चिलर आणि 63, 75, 90 मिलिमीटरच्या डाय हा एक वाटा. दोन मोल्डिंग मशिनं, कपलरचे सगळे साचे आणि भंगार दळायचा ग्राइंडर हा दुसरा.

बाबा, तुम्ही आणि काकांनी शेत वाटलं तेव्हा एकाने वाटे पाडले आणि दुसऱ्याने आधी उचलला, तेच इथे केलं. किमती मी लावल्या, उचलायचा हक्क अण्णांचा. ते पाईपच घेणार हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी उलटं झालं असतं तर रडू येऊ नये अशीच किंमत लावावी लागली. वहीतली घसारा वजा जाता किंमत धरली नाही, कारण ती बाजारभावाच्या निम्मीही नव्हती. वहीतल्या भावाने वाटलं असतं तर ज्याच्याकडे जुनं पण चालू मशीन जाईल त्याचं फावलं असतं. शिवाय आयकर मोजताना बाजारभावच धरतात, असं सीएंनी सांगितलं.

सहीआधी प्रत्येक मशीन दोन दोन तास चालवून पाहिलं. 75 च्या डायमधून निघालेल्या पाईपची एक चकती कापली आणि व्हर्नियरने चार बाजूंनी जाडी मोजली. एका अंगाला 3.1 मिलिमीटर, समोरच्या अंगाला 2.6. आधी मध्य साधायचे बोल्ट आवळून पाहिले, तरी फरक जाईना. म्हणजे आतली मांडणी झिजलेली. अण्णांनी चकती माझ्या हातावर ठेवली आणि काही बोलले नाहीत. मी त्या वाट्याचे चाळीस हजार कमी केले. पाईपचा वाटा 14 लाखांवरून 13 लाख 60 हजारांवर आला, माझा 9 लाख 60 हजारांचा. फरक चार लाख. इथे बरेच लोक चुकतात आणि पूर्ण चार लाख मागून बसतात. द्यायचे असतात निम्मे. अण्णांनी दोन दिले की दोघांकडे 11 लाख 60 हजार होतात.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच वाट्याला जात नाही. पाईपवर जो आयएसआयचा शिक्का उमटतो त्याचा परवाना आमच्या जुन्या फर्मच्या नावे आणि त्या शेडच्या पत्त्यावर आहे. नवा परवाना मिळेपर्यंत अण्णांना तो छापता येणार नाही, आणि अनुदानातलं गिऱ्हाईक तोच आधी बघतं. म्हणून पाईपवर छापायचं चाक आम्ही पहिल्याच दिवशी काढून कपाटात ठेवलं.

गिऱ्हाईकांचं सांगते. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून 41 दुकानदार. ते काही जनावरं नाहीत की अर्धे इकडे, अर्धे तिकडे हाकावेत. दोघांच्या सहीचं एकच पत्र सगळ्यांना गेलं: पाईपसाठी अण्णा, कपलरसाठी मी. दोन वर्षं या तीन जिल्ह्यांत मी पाईपची लाईन टाकायची नाही आणि त्यांनी मोल्डिंग करायचं नाही. भागीदारी मोडताना असा करार कायद्याला चालतो, फक्त मुदत आणि हद्द वाजवी हवी.

खरी गोम उधारीत आहे. येणं साडेअठरा लाख, आणि दुकानदार पैसे देतो ते ज्याच्याकडून नवा माल हवा त्याला. एकाने जुन्या बिलाचे सत्तर हजार अण्णांना रोख दिले आणि तिथेच नवे पाईप मागितले. अण्णांनी मला फोन केला म्हणून कळलं, नाहीतर गुपचूप वाद पेटला असता. आता नियम असा की जुनं येणं फक्त फर्मच्या जुन्या खात्यात जमा होईल. तिथून आधी कर्ज फिटेल, उरलं तर वाटू. तोवर थकबाकीदाराला दोघांपैकी कुणीही उधार माल द्यायचा नाही.

आता बाबा, तुमचं काम. आमचा करार आमच्या दोघांपुरता आहे, बँकेला तो लागू नाही. तुम्ही हमीदार आहात आणि शेताच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा आहे, तो आहे तसाच आहे. मुदत कर्जाचे सात लाख बाकी आहेत, शिवाय कॅश क्रेडिट आहे. आजवर उचललेल्या रकमेची हमी तुमच्यावर राहतेच. पण पुढच्या उचलीसाठी हमी थांबवली असं लेखी कळवता येतं. ते पत्र मी तयार केलंय. तुम्ही सही करा, मी बँकेत नेऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घेईन. बँकेचा माणूस नूतनीकरणाचे कागद घेऊन आला तर सही करू नका, आधी मला फोन करा. आणि कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप जात नाही. बँकेचं पत्र तलाठ्याकडे द्यायचं, फेरफार मंजूर झाला की मगच तो उतरतो. ते मी बघेन.

भागीदारी मोडल्याची नोटीस मराठी दैनिकात आणि राजपत्रात द्यायची आहे, निबंधकांकडेही कळवायचं आहे. नोटीस लागेपर्यंत जुन्या नावाने कुणी प्लास्टिकचा दाणा उधार आणला तर देणं दोघांच्या डोक्यावर. त्यासाठी जुने लेटरपॅड अण्णांनी माझ्यासमोर फाडले आणि शिक्क्याचं रबर मी ब्लेडने कापलं.

रविवारी येतेय, पत्र घेऊन. आई, बिबड्या माझ्या येण्याआधी उरकू नकोस, मला वाळत घालायला हात लावायचाय. बाबांचा चष्मा शोधून ठेव, गेल्या वेळी सही रेघेबाहेर गेली होती.

तुमची,
ताई