विषय : साठ टक्के कीबोर्डवरील बाणाच्या कळा, आपोआप बदलणारी / ची कळ आणि अपुरे माहितीपत्रक

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

वणी तालुक्यात माझे कृषी सेवा केंद्र आहे. आपल्याच संकेतस्थळावरून ६१ कळांचा कीबोर्ड मागवला. त्यात बाणाच्या वेगळ्या कळा नाहीत, एफ-१ ते एफ-१२ ची रांग नाही, हे चित्रात दिसतच होते. त्याबद्दल तक्रार नाही. एफएन दाबून ठेवून ८ दाबले की एफ-८, - दाबले की एफ-११ आणि = दाबले की एफ-१२, हे हाताला बसले. ~ हवे असेल तर एफएन, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबावे लागते. तेही चालवून घेतो, टॅलीत त्याचे काम पडते तरी किती?

तक्रार बाणांची आहे. आपण वरचा बाण / च्या कळेवर दिला आहे आणि डावा, खालचा व उजवा बाण अनुक्रमे उजव्या ऑल्ट, मेनू आणि कंट्रोलवर. एफएन त्यांच्याच शेजारी, अगदी उजव्या कोपऱ्यात. म्हणजे एकाच हाताच्या करंगळीने एफएन धरायचे आणि बाकीच्या बोटांनी बाण दाबायचे. एकदोनदा ठीक आहे, पण खरिपात बियाणे-खताची बिले दिवसभर निघतात, आणि समोरचा शेतकरी म्हणत असतो, "भाऊ, लवकर काढा ना बिल, एसटी निघून जाईन माही."

खरा घोळ पुढे आहे. आपल्या कीबोर्डवर एफएन आणि एंटर एकत्र दाबले की या चार कळा कायमच्या बाण होऊन बसतात. मग नुसती / दाबली तरी वरचा बाण जातो, आणि / हवी असेल तर उलट एफएन धरावे लागते. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नाही, आणि असे झाल्याचे सांगणारा दिवाही कीबोर्डवर नाही. टॅलीत प्रत्येक रकान्यानंतर एंटर मारावा लागतो. एफ-८ साठी धरलेले एफएन सुटायच्या आत एंटर पडला, की झाला बदल. टॅलीत काम करणाऱ्या कोणाच्याही हातून हे घडणारच.

बदल झालेला कळतो तोही नुकसान झाल्यावर. नॅरेशनमध्ये "चलन २१४/२५-२६" लिहायला घेतले. २१४ उमटले, / उमटलीच नाही, कर्सर वरच्या रकान्यात गेला आणि पुढचे आकडे तिथे जाऊ लागले. उजवा ऑल्ट आणि ४ दाबून ₹ काढायला गेलो, तर तेही बंद, कारण तो ऑल्ट आता डावा बाण झालेला. डाव्या बाजूचे कंट्रोल आणि ऑल्ट धरून ४ दाबल्यावर मात्र ₹ आले. नोटपॅडमध्ये दोन ओळी लिहून खालच्या ओळीत / दाबून पाहिली, कर्सर वर चढला. जुना कीबोर्ड जोडला तर त्याच संगणकावर / व्यवस्थित येते. म्हणजे दोष विंडोजचा नाही, टॅलीचाही नाही.

आपल्या हेल्पलाइनवरील ताईंनी "विंडोजमधून कळ बदलून घ्या" असा सल्ला दिला. तो लागू पडत नाही. एफएनची कळ संगणकाला काहीच कळवत नाही. कोणत्या वेळी कोणता थर, म्हणजे कळांच्या कामांचा कोणता संच, चालू आहे ते कीबोर्डमधली चिप स्वतः ठरवते आणि संगणकाला फक्त "वरचा बाण" एवढेच जाते. त्यामुळे विंडोजमधले कळा बदलणारे कोणतेही साधन एफएनला हात लावू शकत नाही. ते काम आपल्या सॉफ्टवेअरनेच व्हायला हवे. जाहिरातीत "प्रत्येक कळ बदलता येते" असे लिहिले आहे. प्रत्यक्षात आपल्या सॉफ्टवेअरमध्ये एफएन राखाडी दिसते, तिच्यावर क्लिकच होत नाही, आणि एफएनच्या थरातले बाणही हलवता येत नाहीत.

एफएन कॅप्स लॉकवर नेता आले असते तर माझे भागले असते. डाव्या करंगळीने थर धरायचा आणि उजवा हात बाणांसाठी मोकळा ठेवायचा. तेव्हा माझी मागणी अशी : एफएनची जागा बदलता येईल आणि एफएन-एंटरचा हा बदल कायमचा बंद ठेवता येईल असे फर्मवेअर द्या, किंवा हा कीबोर्ड परत घेऊन बाणाच्या स्वतंत्र कळा असलेला पासष्ट टक्के कीबोर्ड द्या, किमतीतला फरक मी भरीन. दोन्ही जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करा. माहितीपत्रकात एफएन-एंटरचा उल्लेख मात्र काहीही झाले तरी घाला. तालुक्याच्या गावाला कीबोर्ड दुरुस्त करणारा माणूसही पॅन ड्राइव्ह विकणाराच असतो, त्याला हे कुठून कळणार?

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात करणे आपल्यावर बंधनकारक आहे. पोच न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन. बिलाची प्रत, आणि / दाबल्यावर कर्सर वर जातानाचे चित्रीकरण सोबत जोडले आहे.

आपला ग्राहक,
कृषी सेवा केंद्र चालक,
ता. वणी, जि. यवतमाळ