बटाटे, शेंगदाणे आणि तुझी वही

प्रिय बंड्या,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही आणि फोनही उचलला नाही, हे मान्य. गुडघा बरा आहे, रक्तदाब आहे तिथेच आहे, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तब्येतीचं खातं इथे बंद.

लिहायला बसलो कारण ट्रेकसाठी रविवारी झालेल्या बैठकीत मी बटाट्याची बाजू घेतली. हो, मी. तुझ्या बटाट्यांवरून कुमशेतच्या ओढ्यात सॅक फेकून देईन म्हणालेला मी. अण्णा बघतच राहिला. ठमी म्हणाली, "हा नंदू बोलतोय की बंड्या?"

डिसेंबरात रतनगड ते हरिश्चंद्रगड ट्रेक ठरलाय, नेहमीचीच वाट: रतनवाडीतून गडावर, दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, मग पाचनईवरून हरिश्चंद्रगड आणि चौथ्या दिवशी तोलारखिंडीने खिरेश्वर. बारा जण, त्यातले पाच नवे. शिधा तू बघायचास, आता तू इथे नाहीस, म्हणून मला कोणी विचारलंच नाही, सरळ तुझी वही माझ्यापुढे टाकली. त्या वहीत तुझ्या अक्षरात लिहिलंय: "माणशी, दिवसाला सव्वा किलो. कमी नको." खाली तीनदा रेघ. आणि नव्यांपैकी एका पोराने फोनवर तक्ता काढून दाखवला: माणशी चारशे ग्रॅम, ओट्स, बदाम, प्रोटीनच्या वड्या. सॅक हलकी, माणूस सुखी.

मला दोन्ही आकडे खटकले. पोराचा आधी सांगतो, कारण तो सोपा आहे. पिठं, तांदूळ, डाळी, पोहे हे सगळं शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरीच्या आसपास येतं. साखर चारशे. शेंगदाणे साडेपाचशेच्या वर. तूप-तेल नऊशेला टेकतं. आता चारशे ग्रॅम म्हणजे नुसते शेंगदाणे खाल्ले तरी सव्वादोन हजार कॅलरी. चारही दिवस शेंगदाणेच खाणारा माणूस मला दाखव, मी त्याची सॅक उचलतो. साध्या जेवणात चारशे ग्रॅमचे जेमतेम सोळाशे होतात. तेवढे तर माणूस दिवसभर अंथरुणात पडून राहिला तरी जाळतो.

आणि चालताना किती जातात? पासष्ट किलोचा माणूस, पाठीवर दहा-बारा किलो, चढ-उतार धरून तासाला चारेकशे. कात्राबाईचा दिवस घे. विश्रांती वगळून सहा तास चाल म्हणजे चोवीसशे, उरलेल्या अठरा तासांचे तेराशे-चौदाशे. जवळजवळ अडतीसशे. मी पोराला हे सांगितल्यावर तो म्हणतो, "मग अडतीसशेच न्यायचे का?" प्रश्न चांगला होता, हे मला बैठकीत कबूल करायचं नव्हतं.

न्यायचे नाहीत. किलोभर चरबीत साडेसात हजारांच्या वर कॅलरी असतात आणि आपल्यापैकी कोणीही उपाशी मरेल इतका बारीक राहिलेला नाही, तू तर नाहीसच. चार दिवस रोज सहा-आठशे कमी पडले तर शरीर ते आपल्या साठ्यातून भागवतं. दहा दिवसांची हिमालयातली वाट असती तर हा हिशेब चालला नसता, तिथे तूट साचत जाते. पण सह्याद्रीत चार दिवसांना तीन हजार पुरतात. एक मात्र खरं, चरबी सावकाश जळते. चढावर पायांना जी चटकन लागते ती साखर, आणि तिचा साठा दुपारपर्यंत संपतो. म्हणून दिवसाची बेरीज जुळली तरी तेवढ्याने भागत नाही. सकाळी नऊ ते चार या वेळात पोटात काय गेलं, ते बघावं लागतं.

आठव तो अन्या, खिंडीखाली दगडावर बसलेला. "मी इथेच राहतो, तुम्ही जा." त्याच्या सॅकमध्ये तुझा सगळा बिर्याणी मसाला, तांदूळ आणि अर्धा डबा तूप होतं. बारा जणांचं जेवण पाठीवर घेऊन माणूस उपाशी होता, कारण जेवण "पाण्यावर पोचल्यावर" होतं आणि पाणी दोन तास लांब. त्याआधी तासभर तो गप्प होता, मग ठमीवर विनाकारण खेकसला, मग सपाटीवर ठेचकाळला. आपण त्याला आळशी म्हणालो. आता मला नव्या पोरांमध्ये हेच बघायचंय: बडबड्या गप्प झाला, शांत माणूस भांडायला लागला, पाय अडखळायला लागले की आधी तोंडात चिक्की, मग चौकशी.

तर माझा माणशी एक दिवस असा. सकाळी पोहे ऐंशी ग्रॅम, तेल दहा, शेंगदाणे वीस. चहाची साखर तीस आणि दुधाची भुकटी पंचवीस, दिवसभराची. दुपारी चार ठेपले, दीडशे ग्रॅम भरतात, आणि तीस ग्रॅम शेंगदाण्याची चटणी. वाटेत खायला दोनशे ग्रॅमची पिशवी: चिक्की, खजूर, बेसनाचा लाडू, शेंगदाणे-फुटाणे. रात्री मुगाची खिचडी, तांदूळ एकशे दहा आणि डाळ पन्नास, वर वीस ग्रॅम तूप, थोडं लोणचं-पापड. सगळं मिळून साडेसातशे ग्रॅमच्या आत आणि तीन हजारांच्या जवळ. ग्रॅमला चार कॅलरी. सुक्या शिध्याचा एवढा भाव मिळाला की मी समाधानी.

तीन हजारांतले साडेआठशे एकट्या पिशवीत आहेत, हे बघितलंस का? म्हणून ती पिशवी मी घरीच प्रत्येकाची वेगळी, रोजची वेगळी बांधणार. सामायिक डबा ठेवला की पुढे चालणारे खातात आणि मागचे पोचतात तेव्हा तळाला चुरा असतो. खिचडी मात्र सामायिकच. अण्णा दोनदा घेईल, वैद्यबाई चार घास घेतील, त्यांची सरासरी एका टोपात आपोआप निघते.

आता तुझा सव्वा किलो. वही नीट वाचली तर त्यात पीठ-तांदूळ-डाळ माझ्याएवढंच आहे, बंड्या. वरचं सगळं बटाटे, कांदे, टोमॅटो, काकडी, पाव आणि एकदा तर कलिंगड (हे मी ठमीला दाखवलं, ती अजून हसतेय). किलोभर बटाट्यात सातआठशे कॅलरी, कारण त्यातलं चार पंचमांश पाणीच. किलोभर शेंगदाण्यांची बरोबरी करायला सात किलो बटाटे वाहावे लागतील. शिवाय तू सव्वाला बाराने आणि चारने गुणलंस, म्हणून साठ किलोच्या घरात गेलास. चार दिवस असले तरी चार दिवसांची जेवणं नसतात. पहिल्या दुपारी घरचा डबा, चौथ्या दुपारी खिरेश्वरला सांगून ठेवलेलं जेवण. म्हणजे तीन रात्री, तीन सकाळी, दोनच दुपारी आणि पिशव्या व चहा चार दिवसांचे. जेवणांच्या मापाने मोजलं तर माणशी दोन किलो तीनशे येतं. बारा जणांचे साडेसत्तावीस किलो. दिवसांच्या मापाने तेच साडेपस्तीस झाले असते. आठ किलो नुसत्या गुणाकारात गेले.

याशिवाय अडीअडचणीला चिवडा आणि खाकरे, माणशी दीडशे ग्रॅम, जे स्टोव्ह न पेटवता खाता येतं. वाट चुकली किंवा कोणाचा पाय मुरगळला तर त्यावर एक रात्र निघेल. आणि पहिल्या रात्रीसाठी तीन किलो बटाटे.

हो, तेच. बैठकीत पोरगं म्हणालं, "काका, बटाट्यात काही नसतं." आणि माझं डोकं फिरलं. म्हणालो, रतनगडाच्या गुहेत पहिल्या रात्री गरम रस्सा नसेल तर निम्मे लोक दमलेल्या तोंडाने खिचडी सारतील बाजूला, आणि न खाल्लेल्या खिचडीत तर शून्य असतात. जड आहे ते पहिल्याच रात्री संपतं, दुसऱ्या दिवशी कोणाच्या पाठीवर नसतं. हे तुझंच वाक्य, ओढ्याकाठी तू मला ओरडून सांगितलेलं. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीचे बटाटे मी अजूनही नेणार नाही, त्या बाबतीत आपलं भांडण चालू आहे.

खरी काळजी आता वेगळीच आहे, ती तुलाच विचारतो. बारा जणांची खिचडी म्हणजे सुका माल दोन किलो. सैल केली तर सात-आठ लिटर पाणी लागतं. आपला मोठा टोप दहा लिटरचा, तो काठोकाठ भरणार, खाली करपणार आणि वर डाळ कच्ची राहणार. मला दोन टोपांत करावंसं वाटतं, पण मग दुसरा स्टोव्ह, जास्त रॉकेल, म्हणजे वाचवलेल्यातले दोन किलो पुन्हा पाठीवर. डाळ-तांदूळ तासभर भिजवून एकाच टोपात दोन खेपा कराव्यात का? तू कुमशेतला काय केलं होतंस? मला फक्त तुझ्या शिव्या आठवतात, कृती आठवत नाही. आणि हरिश्चंद्रगडावर पिठलं-भाकरी मिळते, ती तिसऱ्या रात्री घ्यावी असं अण्णा म्हणतो. घेतली तर खिचडीचे सव्वादोन किलो कमी होतील, पण बारा जणांचं आधी सांगून ठेवलं पाहिजे.

तुझं काय? जर्मन जमलं का? लेक शाळेत रमली का? वहिनींना नोकरी लागल्याचं आईकडून कळलं, अभिनंदन. फोटोत दाढी शोभत नाही.

टोपाचं लवकर कळव, सामान पुढच्या शनिवारी भरायचंय. आणि काकूंना विचार, किलोभर बेसनाला तूप किती घालतात. त्यांचे लाडू सॅकच्या तळाशी दबूनही फुटायचे नाहीत, आमचे घरातून निघतानाच भुगा होतात.

तुझा,
नंदू