विषय : आमच्या रेमिटन्स ॲडव्हाइसकडे दुर्लक्ष करून रक्कम चुकीच्या बिलात वळती केल्याबद्दल तक्रार

दिनांक : 22 डिसेंबर 2025

प्रति,
व्यवस्थापक, वसुली व लेखा विभाग

महोदय,

आमच्या कारखान्यातील कॉम्प्रेसरच्या देखभालीचे काम आपल्या कंपनीकडे आहे. 8 डिसेंबर रोजी आम्ही एनईएफटीने 1,79,700 रुपये पाठवले आणि त्याच दिवशी यूटीआर क्रमांकासह रेमिटन्स ॲडव्हाइसचा ईमेल केला. ही रक्कम ऑक्टोबरच्या 1,18,000 आणि नोव्हेंबरच्या 70,800 रुपयांच्या बिलांपोटी असून, एकूण 1,88,800 रुपयांतून दोन वजावटी केल्या आहेत, असे त्यात लिहिले होते. पहिली वजावट 3,200 रुपयांच्या टीडीएसची, म्हणजे कलम 194सीनुसार जीएसटी वगळून उरणाऱ्या 1,60,000 रुपयांवर दोन टक्के. दुसरी, न झालेल्या एका भेटीबद्दल आपणच दिलेल्या 5,900 रुपयांच्या क्रेडिट नोटची. जुलैचे 47,200 रुपयांचे बिल, न बदललेला व्हॉल्व्ह त्यात लावल्यामुळे, वादात आहे आणि या रकमेत ते धरलेले नाही, हेही स्पष्ट केले होते.

तरीही आपल्या खातेउताऱ्यात सर्वांत आधी जुलैचेच बिल चुकते झालेले दिसते. उरलेल्या रकमेतून ऑक्टोबरचे बिल पूर्ण भागवून नोव्हेंबरच्या बिलात केवळ 14,500 रुपये जमा केले आहेत आणि 56,300 रुपये थकबाकी दाखवून, त्यावर व्याज लावून सेवा थांबवली आहे. आमच्या हिशेबाने वादातले 47,200 रुपये सोडून काहीही बाकी नाही. या दोन आकड्यांतील 9,100 रुपयांचा फरक म्हणजे नेमकी टीडीएस आणि क्रेडिट नोट यांची बेरीज आहे. त्यावरून ईमेल कोणी उघडलाच नाही आणि बँकेत आलेली रक्कम जुन्या बिलापासून क्रमाने वळती केली गेली, हे उघड आहे.

टीडीएस फॉर्म 26एएसमध्ये दिसत नसल्याने नोंदवला नाही, असे आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचे विवरणपत्र भरण्याची मुदत 31 जानेवारी आहे, तेव्हा तो आज तेथे दिसणार तरी कसा? शिवाय स्वतःच दिलेली क्रेडिट नोट न नोंदवण्यास तर हेही कारण पुरत नाही.

भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 59 नुसार, रक्कम कोणत्या देण्यापोटी आहे हे ऋणकोने स्पष्ट कळवले असेल आणि धनकोने ती स्वीकारली असेल, तर ती त्याच देण्यात जमा करावी लागते. आपल्या मर्जीने वळती करण्याची मुभा धनकोला मिळते ती अशी सूचना नसतानाच.

म्हणून जुलैच्या बिलातील जमा रद्द करून ती रक्कम आमच्या सूचनेप्रमाणे वळती करावी, दोन्ही वजावटी नोंदवून व्याज काढून टाकावे, सेवा तत्काळ सुरू करावी आणि दुरुस्त खातेउतारा सात दिवसांत पाठवावा. जुलैच्या बिलाचा वाद त्याच्या कामाच्या नोंदीवरून स्वतंत्रपणे मिटवू. त्यासाठी आपल्या अभियंत्याची सही असलेली भेटपत्रिका आमच्याकडे आहे.

आपला विश्वासू,
लेखाधिकारी

सोबत : 8 डिसेंबरच्या ईमेलची प्रत, क्रेडिट नोट, आपला खातेउतारा