सुमे, घरखर्चाची वाटणी बदलली

प्रिय सुमे,

सगळे ठीक. आईची शुगर गोळ्यांवर ताब्यात आहे, ओवीचा खोकला गेला. आता मुद्द्याचं. हे मी फोनवर सांगायला गेले असते तर तू मधेमधे बोलून मला पुरं करू दिलं नसतंस, म्हणून लिहितेय. आणि कोथरूडच्या त्या खोलीचं भाडं आपण कसं भरायचो ते तुलाच माहीत आहे, म्हणून तुलाच.

माझ्या आणि नितीनच्या घरखर्चाची वाटणी बदलली. आजवर अर्धं-अर्धं होतं. तुला आकड्यांशिवाय पटत नाही, तर घे आकडे. माझ्या हातात महिन्याला 84,000 येतात, नितीनच्या 36,000. घराचा सामायिक खर्च 50,000: भाडं 22,000, किराणा-भाजी-दूध 12,000, ओवीचं पाळणाघर 7,500, स्वयंपाकाच्या आणि धुण्याभांड्याच्या मावशींचे मिळून 5,500, लाइट-गॅस-नेट 3,000. अर्ध्या हिशोबात प्रत्येकी 25,000. म्हणजे माझ्याकडे 59,000 उरायचे आणि त्याच्याकडे 11,000. त्यातले 8,000 तो कराडला आई-बाबांना पाठवतो, 3,000 पेट्रोलला. खाली काय राहिलं ते तूच बघ.

हे इतके दिवस दिसलंच नव्हतं, कारण अर्धं भरायचा हट्ट त्याचाच. लग्न ठरताना तो म्हणाला होता, ‘घर दोघांचं, खर्च दोघांचा,’ आणि तेव्हा त्याचा-माझा पगार जवळजवळ सारखा होता. पुढे मी कंपनी बदलली, माझा वाढला. त्याचं कॉलेज विनाअनुदानित, तिथे वाढ नावालाच, शिवाय पगार कधी दोन-दोन महिने उशिरा. मागच्या महिन्यात पंपावर त्याच्या मागे उभी होते तेव्हा त्याने शंभराचं पेट्रोल टाकायला सांगितलं. बुटाचा तळ त्याने फेव्हिक्विकने चिकटवला होता, कडेला तो डिंक पांढरा दिसत होता. मला इतकं वाईट वाटलं, सुमे. माझ्या खात्यातून त्याच दिवशी 20,000 ची एसआयपी गेली होती.

रात्री जेवणं झाल्यावर कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेवर मी मांडून दाखवलं. दोघांचा मिळून पगार 1,20,000. त्यात माझे 84,000 म्हणजे 70 टक्के, त्याचे 30 टक्के. तेव्हा 50,000 मधले 35,000 माझे आणि 15,000 त्याचे. त्याच्याकडे 21,000 उरतात, माझ्याकडे 49,000. तरीही मीच पुढे आहे! पण दोघांच्याही पगारातला सारखाच हिस्सा, शंभरातले साधारण 42 रुपये, घरात जातो. अर्ध्या हिशोबात त्याच्या शंभरातले 69 जायचे आणि माझे 30. मला सगळ्यात जास्त हीच गोष्ट खटकली.

आता तू विचारणार, कुठला पगार धरलास? तिथेच सगळी गोम आहे. माझ्या ऑफर लेटरवर 12,60,000 आहेत, म्हणजे महिन्याला 1,05,000. पण त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आहे, ग्रॅच्युइटी आहे आणि वर्षाखेरी मिळालाच तर मिळणारा व्हेरिएबल आहे. मग माझ्या वाट्याचा पीएफ आणि व्यवसाय कर कापून 84,000 हातात येतात. जे दरमहा हाताला लागत नाही त्यावर वाटा काढला तर मला 37,000 च्या वर भरावे लागले असते. म्हणून हातात येणारा पगार धरला. व्हेरिएबल आला की त्या महिन्याचं गणित वेगळं, त्यातला हिस्सा तेव्हाच घराच्या खात्यात.

याची एक पळवाटही आहे आणि ती नितीननेच दाखवली, मास्तर आहे ना. उद्या मी पीएफमध्ये स्वतःहून 10,000 जास्त टाकायला लागले तर हातात 74,000 दिसतील, माझा वाटा 67 टक्क्यांवर येईल आणि त्याला महिन्याला तेराशेच्या वर जास्त भरावे लागतील. म्हणजे बचत माझी आणि तिचा भार त्याच्यावर. म्हणून ठरवलं की स्वतःच्या मर्जीने पगारातून कापून घेतलेलं सगळं परत पगारात मिळवायचं आणि मग प्रमाण काढायचं. सक्तीच्या पीएफने फार फरक पडत नाही, दोघांचा मिळवून बघितला तरी 70-30 च येतं.

तुला आठवतं का ते लाइट बिलाचं भांडण? तू म्हणालीस, ‘दिवा दोघींवर सारखाच पडतो, बिलही सारखंच.’ मी म्हटलं, तुझा पगार 22,000 आणि माझा 9,000, दिवा सारखा असेल पण पाकीट नाही. चार दिवस आपण चहासुद्धा वेगवेगळा करत होतो. आणि मग सिलिंडर संपला तेव्हा तू काही न बोलता अख्खा भरलास. सिलिंडर भरणारीने मला तत्त्वं सांगायची नाहीत, हे तेव्हाही म्हटलं होतं, आत्ताही म्हणते. कमी पगाराच्या बाजूला बसून बघितलंय मी. तिथून निम्मा आकडा किती मोठा दिसतो ते तुला नाही, मला माहीत आहे.

आता खरी काळजी. नितीनला गणित पटलं, पण मन तयार नाही. सासूबाईंना कळलं तर त्या म्हणणार, बायकोच्या पैशावर चाललंय. त्याला ते शब्द आत्तापासूनच टोचतात. मी म्हटलं, भाड्याची पावती काही त्यांना दाखवायची नाही. पण मुद्दा पावतीचा नाही हे मलाही कळतं.

दुसरी गाठ आहे कराडच्या 8,000 ची. ते आधी वजा करून प्रमाण काढलं तर त्याचे 28,000 धरायचे, म्हणजे 75-25, आणि त्याचा वाटा 12,500 होतो. मी तयार होते. त्याने साफ नाही म्हटलं. म्हणाला, ‘माझ्या आई-बाबांचा खर्च तू वाट्यातून भरतेयस असं होईल. ते माझं मी बघीन.’ मला वाटतं, म्हातारपणची औषधं ही काही हौस नव्हे, भाड्याइतकीच ती टळत नाहीत. पण मग माझ्या धाकट्या भावाची फी मी भरते तीही वजा करायला हवी, आणि असं करत गेलो तर प्रमाण काढायला पगारच उरायचा नाही. सध्या ते 8,000 हिशोबाबाहेर आहेत. मला ते अजून रुचत नाही.

व्यवहार असा लावलाय की घराचं एक संयुक्त खातं, त्यात महिन्याच्या खर्चाइतकी 50,000 ची गंगाजळी मी आधीच टाकून ठेवली. त्याचा पगार लांबला तरी भाडं अडत नाही. पगार आला की तो साचलेले वाटे भरतो आणि वहीत टिपतो. त्याला उसनं मागावं लागत नाही, माझ्या दृष्टीने यातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच. दर एप्रिलला पगार बदलले की पुन्हा मांडायचं. त्याने शिकवण्या घेतल्या आणि 6,000 वाढले तर त्याचा वाटा 16,667 होईल, म्हणजे वाढलेल्यातले 4,333 त्याचेच राहतात. ‘जास्त कमावून काय उपयोग’ हे त्याचं तेवढ्यावर थांबलं.

तुझं काय? नागपूरचं घर लागलं का? आर्याच्या शाळेचं झालं? विनयच्या गुडघ्याचं कळवलं नाहीस, कळव. दिवाळीत येणार असशील तर आधी सांग, मी सुट्टी टाकते.

आणि एक सांग, खरंखरं. विनयचा पगार तुझ्या दुप्पट झाल्यापासून तुम्ही कसं करता? ‘आमचं असंच चालतं’ हे उत्तर नको. तुझ्याकडे महिनाअखेर किती उरतात तो आकडा लिही.

तुझी,
माधवी